मोर्चा नेण्याआधी बिल उलटून पाहा: सोसायटीच्या सभासदांना खुले पत्र

प्रति,
ए आणि बी विंगमधील सर्व सभासद व भाडेकरू

विषय: मे २०२४ ची वीजबिले आणि रविवारच्या सभेत ठरलेला मोर्चा

सप्रेम नमस्कार.

रविवारी गच्चीवर झालेल्या सभेत मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो आणि फारसं बोललो नाही. बोलायला वावच नव्हता. प्रत्येकाच्या हातात बिल होतं आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: मीटर पळतंय. शेवटी ठरलं ते असं, की सगळ्यांनी मिळून वीज कार्यालयावर जायचं, सगळे मीटर बदलून मागायचे आणि तोवर कुणीही बिल भरायचं नाही. हात वर करणाऱ्यांत मी नव्हतो, हे काही जणांनी पाहिलं आणि जिन्यात विचारलंही. त्याचं उत्तर म्हणून हे पत्र.

माझी नोकरी एका कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्यात गेली. दर महिन्याला कंपनीचं बिल आकड्या-आकड्याने तपासून सही करणं हे माझं काम होतं. ती खोड अजून सुटलेली नाही. सभेनंतर तीन दिवसांत मी आपल्यापैकी चौदा घरांची बिलं घेऊन बसलो. चौदापैकी नऊ बिलं पै-पैशाने बरोबर निघाली. चार बिलांमध्ये आपल्याच सोसायटीच्या कुलुपाचा घोटाळा आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. आणि एकच बिल असं आहे, की ज्याच्यासाठी मी स्वतः अर्ज घेऊन जाईन. तेव्हा सगळे मीटर खोटे ही आपली तक्रार टिकणार नाही आणि ती घेऊन गेलो, तर त्या एका खऱ्या तक्रारीचंही हसं होईल.

आधी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं बिल घेतो. त्यांनी परवानगी दिली आहे. त्यांचा हिशेब अगदी सरळ होता. आधीच्या महिन्यात १८० युनिट झाले आणि बिल साधारण १,९०० रुपये आलं. मे महिन्यात ३४५ युनिट झाले. युनिट दुपटीच्या आतच आहेत, मग बिल फार तर ३,६०० यायला हवं. आलं ४,३०० च्या वर. "हे सातशे रुपये कुणाच्या खिशात गेले, काका?" असा त्यांचा प्रश्न.

प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गृहीत धरलेली गोष्ट चुकीची आहे. १,९०० ला १८० ने भागून जो साडेदहा रुपयांचा भाव निघतो, तो विजेचा भाव नव्हेच. ती सरासरी आहे. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ३१ मार्च २०२३ च्या आदेशात दोन वर्षांचे दर एकदमच ठरवून टाकले होते, आणि त्यातला दुसऱ्या वर्षाचा दर १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. आपल्याकडे महावितरणची वीज आहे. २०२४-२५ च्या या दराने त्यांच्या घरगुती ग्राहकाला वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० या टप्प्याला ११ रुपये ४६ पैसे आणि ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे पडतात. वहन आकार म्हणजे तारांवरून वीज आपल्या दारापर्यंत आणण्याचं भाडं. बिलावर तो वेगळ्या ओळीत असतो, २०२४-२५ साठी युनिटमागे १ रुपया १७ पैसे. पुष्कळ जण दरपत्रकातला नुसता वीज आकार बघतात, ही ओळ विसरतात आणि तिथेच पहिला फरक पडतो.

आता वहिनींचं बिल मांडू. तुलना सोपी व्हावी म्हणून दोन्ही महिने याच दराने मोजतो आणि बिलावरची इंधन समायोजनाची ओळ, जिच्याबद्दल पुढे सांगतो, ती तूर्त बाजूला ठेवतो. १८० युनिटांच्या महिन्यात पहिल्या शंभराचे ५८८ रुपये आणि पुढच्या ८० चे ९१६ रुपये ८० पैसे. त्यात स्थिर आकार १२८ रुपये मिळवले, की १,६३२ रुपये ८० पैसे झाले. यावर राज्य सरकारचं १६ टक्के वीज शुल्क लागतं. बेरीज १,८९४ रुपये.

मे महिन्याच्या ३४५ युनिटांत पहिले १०० पुन्हा ५८८ रुपयांचे. पुढचे २०० युनिट २,२९२ रुपयांचे. उरलेले ४५ युनिट १५ रुपये ७२ पैशांनी ७०७ रुपये ४० पैशांचे. स्थिर आकार तोच १२८. एकूण ३,७१५ रुपये ४० पैसे, आणि शुल्कासह ४,३१० रुपये.

म्हणजे सातशे रुपये कुणाच्या खिशात गेले नाहीत. वाढलेले जे १६५ युनिट होते, त्यातला एकही युनिट स्वस्त टप्प्यातला नव्हता. स्वस्त टप्पा एप्रिलइतक्या वापरातच भरून गेला होता. वाढीव युनिट शुल्क धरून सरासरी १४ रुपये ६४ पैशांना पडला आहे, साडेदहाला नाही. आपल्या घरात नवीन काही सुरू करताना, मग तो एसी असो की गिझर, हिशेब याच शेवटच्या भावाने करायचा. वहिनींकडे मुलगा सुट्टीला आला आहे आणि त्याच्या खोलीतला दीड टनाचा एसी रात्री पाच-सहा तास चालतो. असा एसी तासाला ढोबळमानाने एक युनिट घेतो. रोज साडेपाच युनिट धरले, तर महिन्याचे १६५. मीटरने काही वेगळं सांगितलेलं नाही.

इथेच एक गैरसमज काढून टाकतो, कारण सभेत तो तीन जणांच्या तोंडून ऐकला. "तीनशेच्या वर एक युनिट गेला की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो." असं होत नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. ३०० युनिटांचं बिल ३,४८९ रुपये होतं आणि ३०१ युनिटांचं ३,५०७. एका युनिटाने १८ रुपये वाढले, एवढंच. त्यामुळे महिनाअखेरीला तीनशेच्या आत राहण्यासाठी फ्रिज बंद करून ठेवण्याचा जो प्रयोग ए विंगमध्ये चालतो, त्यातून दूध नासण्यापलीकडे काही साधत नाही.

दुसरी अफवा थोडी बारकाईने घ्यावी लागेल. रीडिंग मुद्दाम तीन-चार दिवस उशिरा घेतात आणि आपल्याला वरच्या टप्प्यात ढकलतात, असं म्हणतात. टप्प्यांची मर्यादा महिन्यासाठी आहे. रीडिंगचा कालावधी वाढला, तर टप्पेही त्याच प्रमाणात ताणले गेले पाहिजेत. तेहतीस दिवसांचं बिल असेल, तर पहिला टप्पा सुमारे ११० युनिटांचा आणि दुसरा ३३० पर्यंतचा. तो ताणला गेला आहे की नाही, हे बिलावरून घरबसल्या तपासता येतं. मागील आणि चालू रीडिंगच्या तारखा बघा, मधले दिवस मोजा, टप्पे त्या प्रमाणात वाढवून गुणाकार करा आणि बिलातल्या वीज आकाराच्या ओळीशी ताडून पाहा. मी तपासलेल्या बिलांत दोन घरांचे दिवस बत्तीस होते आणि दोन्हीत टप्पे ताणलेले होते. उशीर झाला म्हणून युनिट जास्त दिसतात हे खरं, पण ते आपणच त्या जास्तीच्या दिवसांत वापरलेले असतात आणि पुढच्या बिलात तितके दिवस कमी होतात.

स्थिर आकारावर मी फार वेळ घालवत नाही. बी विंगमधल्या बंद फ्लॅटचे मालक परदेशी असतात. त्यांनी ग्रुपवर लिहिलं आहे, की "मेन स्विच बंद आहे, एक युनिटही जळलेला नाही, तरी १४८ रुपये कसले?" १२८ रुपये स्थिर आकार आणि त्यावर १६ टक्के शुल्क, मिळून १४८ रुपये ४८ पैसे. वीज वापरा किंवा नका वापरू, तारा, रोहित्र आणि वीज केंद्रांशी केलेल्या करारांचा ठरीव खर्च चालूच असतो, त्यातला हा वाटा. २०२३-२४ मध्ये तो ११६ होता. थ्री फेज जोडणीला तो याच्या तिपटीहून जास्त आहे. एके काळी हौसेने थ्री फेज घेतलेल्या आणि आता फक्त दोन पंखे चालवणाऱ्या सभासदांनी जोडणी बदलून घेण्याचा विचार जरूर करावा. स्थिर आकारावरही वीज शुल्क लागावं, हे मला स्वतःला पटत नाही. न वापरलेल्या विजेवर शुल्क ही गोष्टच चमत्कारिक आहे. पण ते शुल्क राज्य सरकारचं आहे. त्यासाठी वीज कार्यालयाच्या काउंटरवर बसलेल्या मुलीवर ओरडून उपयोग नाही.

आता इंधन समायोजन आकार. या ओळीवर राग काढायला जागा आहे, फक्त तो समजून काढावा.

आयोग वर्षाच्या सुरुवातीला दर ठरवतो तेव्हा वीज किती रुपयांना विकत मिळेल, याचा अंदाज धरतो. प्रत्यक्षात कोळसा महागतो, बाहेरून आणावा लागतो, उन्हाळ्यात बाजारातून चढ्या भावाने वीज घ्यावी लागते. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक दर महिन्याला काढून ग्राहकांकडून वसूल करण्याची किंवा परत देण्याची जी व्यवस्था आहे, ती म्हणजे ही ओळ. यात दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. पहिली म्हणजे हा फरक मागच्या महिन्यांचा असतो आणि लागतो मात्र चालू महिन्याच्या युनिटांवर. त्यामुळे फरक पडला त्या महिन्यात कमी वीज वापरणाऱ्याने उन्हाळ्यात जास्त वापरली, तर जुना फरक नव्या, मोठ्या आकड्यावर मोजला जातो. दुसरी म्हणजे हा आकारही सगळ्यांना सारखा नाही. तोही टप्प्यांप्रमाणे चढतो.

२०२२ सालचं उदाहरण तुमच्यापैकी जुन्या सभासदांना आठवत असेल. आयोगाने २०२० च्या आदेशात या आकारासाठी एक निधी बाजूला ठेवायला लावला होता. निधीत पैसे होते तोवर ही ओळ बिलावर जाणवतच नव्हती. निधी संपला, त्याच सुमारास कोळसा भडकला, आणि मार्च ते मे २०२२ चा फरक जून ते ऑक्टोबर अशा पाच महिन्यांत वसूल झाला. तेव्हा पहिल्या शंभर युनिटांना युनिटमागे ६५ पैसे होते, १०१ ते ३०० ला १ रुपया ४५ पैसे, ३०१ ते ५०० ला २ रुपये ५ पैसे आणि पाचशेच्या वर २ रुपये ३५ पैसे. हाच आकार वहिनींच्या आजच्या ३४५ युनिटांना लावून पाहा. ६५ अधिक २९० अधिक ९२ रुपये २५ पैसे, म्हणजे ४४७ रुपये २५ पैसे. त्यावर शुल्क चढवलं, की ५१९ रुपये. एप्रिलच्या १८० युनिटांना तेच जेमतेम २१० रुपये झाले असते. युनिट दुप्पटही नाहीत आणि हा आकार अडीचपट.

या महिन्याच्या बिलावर ती ओळ किती आहे, ते आपापल्या बिलावर पाहा. दर महिन्याला तो दर बदलू शकतो, म्हणून मी इथे आकडा देत नाही. तपासण्याची रीत मात्र हीच. महावितरण त्या-त्या महिन्याचा दर परिपत्रकाने जाहीर करते. टप्प्याने गुणा आणि ताडून पाहा. चौदा बिलांत ही ओळ कुठेही चुकलेली नव्हती. ती संगणकावर सगळ्यांना एकदमच लागते. चूक व्हायची तर एका घरात होणार नाही, सगळ्या शहरात होईल.

तेव्हा एका घराची म्हणून जी चूक होते, ती रीडिंगमध्ये किंवा मीटरमध्ये. आणि इथे मला आपल्या सोसायटीबद्दलच बोलायचं आहे.

मार्च-एप्रिलमध्ये बी विंगला रंग दिला. मीटरच्या खोलीतल्या डावीकडच्या जाळीला ठेकेदाराने सामान ठेवायला नवं कुलूप लावलं. किल्ली वॉचमनकडे होती आणि वॉचमन दुपारी जेवायला जातो. रीडिंग घेणारा मुलगा दोनदा येऊन परत गेला, हे वॉचमननेच मला सांगितलं. त्या जाळीमागे चार मीटर आहेत. त्या चारही घरांच्या मार्च आणि एप्रिलच्या बिलांवर मीटरची स्थिती नॉर्मल नसून लॉक अशी आहे. मागील रीडिंग आणि चालू रीडिंगच्या रकान्यात तोच आकडा आहे. म्हणजे ती बिलं सरासरीची होती. चारही घरांना तेव्हा बिल कमी आल्याचा आनंद झाला आणि कुणीही ती ओळ वाचली नाही. मेमध्ये जाळी उघडी होती, खरं रीडिंग मिळालं आणि तीन महिन्यांचा वापर एकदम अंगावर आला.

टाळेबंदीत २०२० साली सगळ्या महाराष्ट्राने हेच भोगलं. मार्चच्या अखेरीला रीडिंग थांबलं, एप्रिल-मेची बिलं हिवाळ्यातल्या सरासरीने आली आणि जूनमध्ये उन्हाळ्याचा सगळा वापर एका बिलात उतरला. तेव्हा बहुतेकांना मीटर पळतंय असंच वाटलं होतं.

अशा बिलात तपासायची गोष्ट एकच: टप्पे तीन महिन्यांत वाटले आहेत का. समजा एका घराला दोन महिने १२० युनिटांची सरासरी लावली आणि तिसऱ्या महिन्यात कळलं, की तीन महिन्यांत मिळून ६०० युनिट झाले आहेत. बरोबर हिशेब म्हणजे दर महिन्याला २०० युनिट धरून तीन बिलं मांडायची आणि त्यातून आधी लावलेली दोन वजा करायची. चुकीचा हिशेब म्हणजे ६०० मधून २४० वजा करून उरलेले ३६० एकाच महिन्याचे समजायचे. या दोन हिशेबांत शुल्कासह २९६ रुपयांचा फरक पडतो, कारण दुसऱ्या हिशेबात ६० युनिट विनाकारण वरच्या टप्प्यात जातात. आपल्या चार घरांपैकी तिघांची वाटणी बरोबर आहे आणि समायोजित रक्कमही वजा दाखवलेली आहे. चौथ्याचं मागचं बिल सापडत नाहीये. ते शोधावं, तोपर्यंत मी काही म्हणत नाही. आणि कुलूप काढून जाळीची किल्ली कार्यालयाच्या खिळ्यावर टांगावी, ही विनंती सचिवांना.

आता दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंची गोष्ट. त्यांनी सभेत मोबाइलवर मीटरचा फोटो दाखवला. बिलावरचं रीडिंग फोटोतल्या आकड्यापेक्षा आठशेने जास्त! सभा तिथेच तापली. मी दुसऱ्या दिवशी खाली जाऊन पाहिलं, तर त्यांनी फोटो काढला होता तो वरच्या मजल्याच्या मीटरचा. रंगाऱ्याने जाळीवरचे फ्लॅट नंबर नव्याने रंगवले, त्यात २०४ आणि ३०४ ची अदलाबदल झाली आहे. बिल फ्लॅट नंबरावर येत नाही, मीटरच्या क्रमांकावर येतं. मीटरच्या अंगावर कोरलेला क्रमांक आणि बिलावरचा मीटर क्रमांक जुळल्याशिवाय पुढचं काहीही तपासू नका.

क्रमांक जुळला, की पडद्यावरचे आकडे. आपले मीटर एका पाठोपाठ एक अनेक गोष्टी दाखवतात: तारीख, वेळ, दाब, महिन्यातली सर्वोच्च मागणी, कधी मागच्या महिन्याचं रीडिंगही. आपल्याला हवा तो आकडा बाजूला kWh लिहिलेला, एकत्रित वापराचा. दशांश चिन्हानंतरचे आकडे सोडून द्यायचे. हा आकडा बिलावरच्या चालू रीडिंगपेक्षा जास्त असला पाहिजे, कारण बिल निघून काही दिवस झालेले असतात. जास्तीच्या युनिटांना त्या दिवसांनी भागा. रोजचा जो वापर निघेल, तो बिलातल्या रोजच्या वापराच्या आसपास असेल, तर रीडिंग ठीक आहे. मीटरवरचा आकडा बिलापेक्षा कमी असेल, तर रीडिंग चुकलं आहे, वाद संपला. तारखेसह फोटो काढा आणि तक्रार द्या. ही चूक सगळ्यात लवकर दुरुस्त होते.

रीडिंग बरोबर आणि तरी शंका असेल, तर घरातला मेन स्विच बंद करून खाली या. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. घरात काही चालू नसताना तो थांबला पाहिजे. लुकलुकत राहिला, तर मीटरच्या पुढे आणि आपल्या मेन स्विचच्या आधी कुठेतरी वीज जाते आहे. एक तर वायर खराब आहे, नाही तर कुणाचा तरी भार आपल्या वायरीवर आहे. जिन्यातले दिवे एखाद्या सभासदाच्या मीटरवर निघाल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

मी ज्या एका बिलासाठी अर्ज नेणार म्हणालो, ते तळमजल्यावरच्या आजोबांचं. त्यांचा दिवा मेन बंद केल्यावर थांबतो. पण मेन चालू असताना मीटरवरचा गळतीचा दुसरा दिवा सतत पेटलेला असतो. फेजमधून आत जाणारा करंट आणि न्यूट्रलमधून परत येणारा करंट सारखा नसला, की तो पेटतो. चोरी पकडता यावी म्हणून हे मीटर दोन्हींपैकी जो करंट जास्त असेल, त्यावर मोजणी करतात. आजोबांच्या न्यूट्रलला शेजारच्या इन्व्हर्टरचा न्यूट्रल कुणीतरी जोडून ठेवलेला दिसतो. शेजाऱ्यांचा करंट यांच्या न्यूट्रलमधून परत जातो आणि यांचं मीटर तो मोजतं. मीटर निर्दोष, बिल मात्र चुकीचं. यात आधी आपल्या वायरमनकडून जोड सुटा करून घ्यायचा, आणि गळतीचा दिवा विझला, की मग पुढची तक्रार. हे काम बिनपरवाना माणसाने किंवा स्वतः करू नये.

मीटर खरोखर जलद आहे का, याची ढोबळ चाचणीही घरी होते. मीटरवर 3200 imp/kWh असं काही छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटाला लाल दिवा ३,२०० वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करून फक्त १,००० वॉटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत लावा आणि एकाने खाली मिनिटभर मोजावं. सुमारे ५३ लुकलुकी आल्या पाहिजेत. इस्त्री घेऊ नका, ती मध्येच बंद होते. दाब २३० ऐवजी २२० असला, तर रॉडच ९१५ वॉट घेतो, म्हणजे ४९ येतील. तेव्हा चार-पाचचा फरक म्हणजे दोष नव्हे. ७० आल्या, तर मात्र मला बोलवा.

मीटर तपासणीची अधिकृत वाट वेगळी. लेखी अर्ज, तपासणीचं शुल्क, आणि मग जागेवर किंवा प्रयोगशाळेत चाचणी. मीटर सदोष निघालं, तर बिल दुरुस्त होतं, पण नियमाप्रमाणे जास्तीत जास्त मागच्या तीन महिन्यांचं. म्हणून "वर्षभर जास्त येतंय" असं म्हणत बसणाऱ्याचे नऊ महिने गेलेलेच असतात.

आणि बिल न भरण्याचा ठराव. याच्याशी माझा सगळ्यात जास्त विरोध आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडता येते. पण त्याच कलमात आपल्यासाठी वाट ठेवली आहे. वादातली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांत जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत तोडता येत नाही. वहिनींसारख्यांच्या बिलात वादच नाही, त्यांनी पूर्ण भरावं. आजोबांनी सरासरी भरून पावतीवर "निषेध नोंदवून" असं लिहून घ्यावं. कार्यालयात दाद लागली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल. मंचासमोर कागद बोलतात, जमाव बोलत नाही.

शनिवारी सकाळी नऊ वाजता मी मीटरच्या खोलीत असेन. ज्यांना शंका आहे त्यांनी मागची तीन बिलं घेऊन यावं, फोटोची गरज नाही. रंगाऱ्यालाही बोलावलं आहे, ते दोन नंबर आधी पुसून घेतो. आजोबांच्या शेजारच्या घरातून कुणीतरी अवश्य यावं. भांडायला नाही, फक्त पाच मिनिटं इन्व्हर्टर बंद-चालू करायला.

आपला,
बी विंगमधील एक सभासद
नाशिक, जून २०२४